भरलेल्या अंड्यांचं सारण आणि मे महिन्यातली गच्ची

प्रश्न: लातूरला मे महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला रात्री ८ वाजता गच्चीवर ३० माणसं आहेत. उकडलेल्या अंड्याचे अर्धे भाग करून, बलकाचं सारण भरून ठेवायचेत. मागच्या वेळी सारणात गुठळ्या राहिल्या, ताटात पाणी सुटलं आणि अंडी घसरून एकमेकांना चिकटली. एवढ्या उकाड्यात ती किती वेळ बाहेर चालतात?

उत्तर:

पांढऱ्या वाट्या वेगळ्या आणि सारण वेगळं, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. भरायचं काम पाहुणे यायच्या सुमारास, एकेका ताटापुरतं करा. पाणी सुटणं आणि अंडी घसरणं या अडचणींचं मूळ अंडी दुपारीच भरून ठेवण्यात असण्याची शक्यता बरीच आहे. भरलेलं अंडं तासन्‌तास पडून राहिलं की मीठ पांढऱ्यातलं पाणी ओढून घेतं, ते पाणी ताटात उतरतं आणि ओल्या ताटावर अंडं घसरतं.

बाहेर ठेवण्याची वेळ आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावरून ठरतं. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास, त्याखाली असेल तर दोन तास. मे महिन्यात लातूरला रात्री आठलाही गच्चीवरची फरशी तापलेली असते, म्हणून तुम्ही एकच तास धरा. हा तास अंडं फ्रिजमधून बाहेर आलं तेव्हापासून मोजायचा, पहिल्या पाहुण्याने उचललं तेव्हापासून नाही.

३० माणसांना दोन-दोन म्हणजे ६० अर्धे लागतील. अंडी ३६ घ्या, एक ट्रे आणि वर सहा. सोलताना चार-पाच फाटतीलच. फाटलेल्यांचा बलक सारणात जातो, त्यामुळे वाया काही जात नाही आणि सारणही भरघोस होतं.

अंडी चार-पाच दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतं आणि सोलताना ढलप्या निघतात. अंडं जुनं होतं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा आम्लपणा कमी होतो आणि पकड सुटते. पण जुन्या अंड्यात बलक वर तरंगतो आणि एका बाजूला सरकतो. मग वाटीची एक कड कागदासारखी पातळ होते. म्हणून उकडायच्या आदल्या रात्री ट्रेमधली अंडी काढून आडवी ठेवा, म्हणजे बलक बराचसा मधे येतो.

उकडण्यासाठी मी वाफ निवडेन. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात खाली पाणी उकळू द्या, मग चाळणीवर अंडी एका थरात मांडा आणि झाकण लावा. गार पाण्यात टाकून हळूहळू तापवलं तर पांढरं सावकाश शिजतं आणि पापुद्र्याला चिकटतं. वाफेचा एकदम चटका बसला की ते आतल्या आत आखडतं. शिवाय अंडी भांड्यात एकमेकांवर आपटून तडकत नाहीत. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेल्या मध्यम अंड्याला १२ ते १३ मिनिटं पुरतात. अंडी लहान-मोठी असतात, म्हणून १२ मिनिटांनी एक काढून कापून बघा. बलक सगळीकडे एकसारखा फिका पिवळा दिसला, मधे ओलसर गडद ठिपका राहिला नाही, की झालं. जास्त शिजलं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याने ती येते. खायला अपाय नाही, पण सारण मळकट दिसतं आणि वास उग्र येतो.

लगेच बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं. हे पाणी आणि त्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. गार होताना अंडं आतून आकसतं आणि बाहेरचं पाणी छिद्रांतून, तड्यांतून आत खेचतं. रसवंतीच्या गाड्यावरची लादी इथे चालणार नाही. उकडायचं हे काम वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी करा आणि अंडी पुसून, टरफलासकट झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कच्च्या अंड्यांच्या ट्रेमध्ये परत ठेवू नका, ट्रेवर लागलेली घाण उकडलेल्या अंड्यावर येते.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सोला. जाड टोकाला हवेचा कप्पा असतो, तिथून सुरुवात केली की पापुद्रा सहज नखात येतो. अंडं लांबीत कापायचं. दर वेळी सुरी ओल्या कापडाने पुसली नाही तर पांढऱ्यावर पिवळे ओघळ उमटतात. ताणून धरलेल्या शिलाईच्या कोऱ्या दोऱ्याने काप आणखी स्वच्छ येतो. मग प्रत्येक अर्ध्याच्या पाठीवरून नाण्याएवढा पातळ काप काढा. अंडं तिथेच बसतं, घसरत नाही. पाठ जिथे जाड आहे तिथूनच काढा, नाहीतर तळाला भोक पडेल. बलक काढून वाट्या सुती कापडावर पालथ्या घाला, पाणी निथळू द्या आणि तशाच डब्यात, झाकण लावून, फ्रिजमध्ये.

आता सारण. गुठळ्या राहतात कारण बलक ओला झाल्यावर आपण तो कुस्करतो. आधी कोरडा बलक मैद्याच्या चाळणीतून वाटीच्या पाठीने दाबून गाळा. तो रव्यासारखा मोकळा पडतो. मग त्यात ओलं घाला. आधी मेयोनीज घातलं तर त्याचा लेप बसलेले कण चाळणीवर सरकत राहतात आणि गुठळी तशीच राहते. पुरणयंत्राची जाळी मोठी पडते, त्यावर थांबू नका.

१२ अंड्यांच्या बलकाला, म्हणजे साधारण २०० ग्रॅमला, ९० ग्रॅम मेयोनीज, दोन चहाचे चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा मिरपूड लागते. तुमच्या ३६ अंड्यांना याच्या तिप्पट. मेयोनीजमध्ये मीठ असतंच, म्हणून मीठ आधी निम्मं घाला, चाखा, मग वाढवा. मेयोनीज बंद बाटलीतलं वापरा, घरी कच्च्या अंड्याचं करू नका. तेच कच्चं अंडं पुढे शिजणार नसतं आणि उन्हाळ्यात तो धोका घ्यायचं कारण नाही. चक्क्याने सारण हलकं होतं, पण चक्का पाणी सोडतो. घालायचाच तर रात्रभर टांगलेला आणि मेयोनीजच्या एक तृतीयांशापर्यंतच घाला.

मोहरीचा ठसका या पदार्थाला हवाच. बाटलीतली मोहरीची पेस्ट नसेल तर आपली फेसलेली मोहरी त्याहून चांगली लागते. १२ अंड्यांना एक चमचा मोहरीची डाळ थोड्या गार पाण्यात बारीक वाटा, दहा मिनिटं तशीच ठेवा म्हणजे झणका चढतो, आणि मगच त्यात वरचा लिंबाचा रस घाला. लिंबू आधी घातलं तर मोहरी चढत नाही. हे मिश्रण गाळूनच सारणात घ्या. काळा मसाला घालायचा मोह होईल. पाव चमचा मसाला चमचाभर तेलात हलका परतून, गार करून, गाळून घातला तर चव मराठवाड्याची येते. त्याहून जास्त घातला की रंग काळपट होतो. कांदा आणि ओली मिरची सारणात नको. दोन्ही पाणी सोडतात आणि सारण भरायच्या पिशवीच्या तोंडात अडकतात.

सारण श्रीखंडापेक्षा जरासं घट्ट हवं. चमचा उलटा धरला तर चिकटून राहावं, झटकलं तर पडावं. फ्रिजमध्ये ते आणखी आवळतं. घट्ट वाटलं तर पाण्याऐवजी चमचाभर मेयोनीज वाढवा. पातळ झालं तर एक-दोन अंड्यांचा गाळलेला बलक बाजूला ठेवलेला असावा, तोच उपाय. जाड प्लॅस्टिकच्या कोऱ्या पिशवीत भरा, हवा काढून तोंड बांधा आणि फ्रिजमध्ये ठेवा. टोक भरायच्या वेळीच कापायचं, मेंदीच्या कोनाच्या चौपट रुंद.

फ्रिजबद्दल एक गोष्ट. त्या दिवशी केक, कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या बाटल्यांनी तो गच्च भरलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी उघडतो. अशा फ्रिजमध्ये ४ अंश राहत नाहीत. कोल्ड्रिंकला बर्फाची वेगळी बादली करा आणि अंड्यांचा डबा मागच्या बाजूला ठेवा. लाईट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

आता रात्रीचा हिशोब. ६० अर्ध्यांची १५-१५ ची चार ताटं. पावणेआठला पहिलं ताट भरा. ताटात बारीक चिरलेल्या, धुऊन अगदी कोरड्या केलेल्या कोबीचा थर पसरा, वाट्या त्यात रुतवा आणि प्रत्येकीत दोन चमचे सारण वर उचलत भरा. वरून चिमूटभर लाल तिखट आणि कोथिंबिरीचं एक पान. लातूरच्या मे महिन्यात हवा कोरडी, वर कूलरचा झोत. दहा-पंधरा मिनिटांत सारणावर सुकलेली साय धरते आणि ती तडकते. ताट झोतापासून दूर ठेवा आणि वर जाळी न घालता खोलगट झाकण घाला. खाली बर्फाची परात ठेवलीत तर चांगलंच, पण त्या भरवशावर तास वाढवू नका. बर्फ ताटाला गार करतो, वरच्या सारणापर्यंत तो गारवा पोचत नाही.

ताटाच्या कडेला कागदी टेप लावून त्यावर वेळ लिहा: ‘७:४५’. पावणेनऊला त्यात दोन उरली असतील तरी ती नव्या ताटात सरकवू नका, टाकून द्या. पुढचं ताट स्वच्छ ताटलीत, पुन्हा फ्रिजमधून. १५ अर्धे ३० माणसांत वीस मिनिटांतच संपतात, त्यामुळे टाकायची वेळ फारशी येणार नाही.

भरणारी व्यक्ती एकच असू द्या. तिच्या हाताला जखम, गळू किंवा पिकलेलं नख नसावं, कारण तिथले जंतू अंड्यावर गेले तर उकाड्यात वाढून विष तयार करतात. ते विष नंतर तापवूनही जात नाही. वास किंवा चव बदलत नाही, म्हणून ‘चांगलं लागतंय की’ हा निकष इथे उपयोगाचा नाही. फ्रिजबाहेर कधीच न आलेल्या वाट्या आणि सारण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाऊन संपवा. गच्चीवर जाऊन आलेलं मात्र परत फ्रिजमध्ये ठेवू नका.