नोटीस पिरियडबद्दल रिक्रूटरला विचारू की नको?

"माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि नव्या कंपनीला मी महिन्याभरात हवी आहे. उरलेल्या नोटीसचे पैसे भरून बायआउट कराल का, असं रिक्रूटरला विचारलं तर ऑफर हातची जाईल का?"

नोकरी बदलायला निघालेल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकते. माझं उत्तर असं: जरूर विचारा, पण ऑफर स्वीकारण्याआधी. आणि त्याच्याही आधी स्वतःचं नेमणूकपत्र वाचा.

एक तरुणी याच धास्तीने रिक्रूटरचे फोन घेईनाशी झाली होती. मी विचारलं, "नोटीसच्या कलमात काय लिहिलंय?"

"नव्वद दिवस."

"आणि त्यापुढे?"

पुढचं तिने वाचलंच नव्हतं. तिथेच मोबाइलवर पत्र उघडून तिने मोठ्याने वाचलं: ९० दिवसांची नोटीस, किंवा व्यवस्थापनाच्या संमतीने उरलेल्या दिवसांचा मूळ पगार. ती थबकली. "म्हणजे हे रिक्रूटरच्या हातात नाहीच!"

त्या क्षणी तिचे खांदे सैल झाले. आपण भितो ते बहुतेकदा न वाचलेल्या गोष्टीला, हे माझं जुनं मत आहे, आणि ते पुन्हा खरं ठरताना बघून मला समाधान वाटलं. नोटीस कमी करायची की नाही, हे सध्याची कंपनी ठरवते. 'संमतीने' हा शब्द असेल तर पैसे भरायची तयारी दाखवूनही ती नकार देऊ शकते. रिक्रूटरकडून कळायला हवं ते एवढंच: कंपनी किती थांबेल आणि बायआउटचा खर्च उचलेल का.

मग आम्ही हिशेब मांडला. तिचा मूळ पगार एकूण पगाराच्या ४० टक्के होता. ६० दिवस वाचवायचे, तर मूळ पगाराने भरायची रक्कम एका महिन्याच्या एकूण पगारापेक्षाही कमी. हेच कलमात 'एकूण पगार' असतं, तर पूर्ण दोन महिन्यांचा पगार गेला असता.

रिक्रूटरला तिने लिहिलं: "माझी नोटीस ९० दिवसांची आहे. ती कमी करण्याची विनंती मी करीन, पण मान्यता कंपनीची लागेल. बायआउट झाल्यास आपण भरपाई देता का, आणि हे ऑफर लेटरमध्ये येईल का?"

शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसले होते. फोनवरचं "बघू या" पुढे कुणालाच आठवत नाही. भरपाई सहसा रुजू झाल्यावर, जुन्या कंपनीच्या अंतिम हिशेबातली कपात दाखवल्यावर मिळते, म्हणजे आधी पदरचे पैसे जातात. ती पगारात धरून त्यावर कर कापला जाऊ शकतो, आणि ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर परत मागण्याची अटही असू शकते.

एका गोष्टीला मात्र मी तिला साफ मनाई केली: "तीस दिवसांत नक्की येते" असं कबूल करणं. तारीख पाळायची म्हणून कुणी मध्येच निघून जातं, मग रिलीव्हिंग लेटर अडतं आणि नवी कंपनी नेमकं तेच मागते.

रिक्रूटरचं उत्तर आलं: ६० दिवस थांबू, त्यापुढच्या ३० दिवसांचं बायआउट आम्ही देऊ. ऑफर लेटरमध्ये ते आल्यावरच तिने राजीनामा दिला, सोबत कामं कुणाकडे कधी सोपवायची याचा तक्ता जोडून. मॅनेजरने तो तक्ता बघून ६० व्या दिवसाला होकार दिला.