बल्ब बदलताना आधी लुमेन बघा

म्हापशातल्या जुन्या घराचे सगळे बल्ब बदलताय, तर दुकानात 'नऊ वॅटचा द्या' म्हणू नका. वॅट म्हणजे वीज किती खाणार. उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. लुमेनला वॅटने भागा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन देतो, म्हणजे वॅटमागे जेमतेम १२. सीएफएल ५०-६० देतो. एलईडी १०० च्या आसपास असेल तरच घ्या.

- झोपायची खोली: ४० वॅटच्या जागी ४०० लुमेन, म्हणजे ४-५ वॅट पुरे. इथे ९ वॅट लावणं ही नेहमीची चूक. डोळ्यांना त्रास होतो.
- स्वयंपाकघर: १५ वॅट सीएफएलच्या जागी ९०० लुमेन, ९ वॅट. ओट्यावर स्वतःची सावली पडत असेल तर वॅट वाढवून उपयोग नाही, ओट्याच्या वर वेगळा दिवा लावा.
- बाल्कांव: काचेचा बंद गोळा असेल तर सांभाळा. उष्णता आत कोंडते आणि बल्बमधलं सर्किट लवकर जातं. लुकलुकू लागला की समजा. तिथे ५ वॅटच्या वर जाऊ नका.

आधी एकच खोली बदला, दोन रात्री बघा, मग बाकीचे आणा.