खंड, भाग, पुष्प आणि दोन सालं

प्रश्न : ‘खंड’, ‘भाग’ आणि ‘पुष्प’ यांतला कोणता शब्द कधी वापरायचा? आणि समग्र वाङ्मयातल्या लेखाचा संदर्भ देताना साल लेखाचं लिहायचं की खंडाचं?

साल दोन्ही लिहायची, पण प्रत्येकाची जागा वेगळी. आधी शब्दांचं पाहू.

एकाच नियोजित ग्रंथाचं स्वतंत्र बांधलेलं, स्वतःचे पृष्ठांक असलेलं पुस्तक म्हणजे खंड. खंडाच्या पोटात आणखी विभागणी असेल तर तो भाग. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा १७वा खंड तीन भागांत आहे आणि प्रत्येक भाग हे वेगळं पुस्तक आहे. तिथे नुसतं ‘खंड १७, पृ. ४५’ लिहिलं, तर वाचकाला तीन पुस्तकं उघडावी लागतात. ‘खंड १७, भाग ३’ असं पूर्ण लिहावं. जुन्या मराठी पुस्तकांवर जिथे आज आपण ‘खंड’ म्हणू तिथे ‘भाग’ छापलेलं असतं. अशा वेळी मुखपृष्ठाऐवजी आतल्या शीर्षकपानावर जो शब्द असेल तोच ठेवा, सुधारू नका. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक त्याच नावाने सापडतं.

पुष्प हा मालेचा शब्द. ग्रंथमालेतली पुस्तकं एकमेकांवर अवलंबून नसतात, लेखकही वेगळे असतात. म्हणून पुष्पाचा क्रमांक पुस्तकाच्या नावाला चिकटवू नये. नोंदीच्या शेवटी कंसात मालेचं नाव आणि पुष्प क्रमांक द्यावा. तो गाळला तरी पुस्तक सापडतं, खंड क्रमांक गाळला तर सापडत नाही.

शब्दांच्या क्रमाकडेही लक्ष हवं. ‘खंड २०’ म्हणजे विसावा खंड, ‘२० खंड’ म्हणजे एकूण वीस. संपूर्ण संचाचा उल्लेख असेल तरच दुसरं रूप.

आता साल. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध घ्या. आंबेडकरांनी तो ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला, ‘इंडियन अँटिक्वरी’त तो मे १९१७ मध्ये छापून आला आणि १९७९ साली शासनाच्या पहिल्या खंडात आला. मजकुरात नुसतं ‘(आंबेडकर १९७९)’ लिहिलं, तर १९५६ साली निधन झालेला लेखक १९७९ मध्ये मत मांडतो आहे असं दिसतं. नुसतं ‘(आंबेडकर १९१७)’ लिहिलं, तर खंडातला पृष्ठांक मासिकात शोधला जातो आणि सापडत नाही. म्हणून हातातल्या पुस्तकाचं साल आधी आणि मूळ प्रकाशनाचं साल चौकोनी कंसात :

आंबेडकर, भी. रा., १९७९ [१९१७], ‘कास्ट्स इन इंडिया’, डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १, संपा. वसंत मून, मुंबई : महाराष्ट्र शासन, शिक्षण विभाग, पृ. ३-२२.

मजकुरात एवढंच पुरे : (आंबेडकर १९७९ [१९१७], १ : १५). विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांच्या आधी खंड, नंतर पान. १९१६ हे वाचनाचं साल आहे. ते महत्त्वाचं असेल तर वाक्यात सांगावं, कंसात मिसळू नये.

मूळ साल दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचलू नका. या निबंधासाठी ठिकठिकाणी ‘इंडियन अँटिक्वरी, खंड ४१, मे १९१७’ असं दिलेलं आढळतं. ते मासिक १८७२ साली सुरू झालं आणि दर वर्षाचा एक खंड. त्या हिशोबाने ४१वा खंड १९१२चा आणि १९१७चा ४६वा. अशी वजाबाकी करायला अर्धा मिनिट लागतो आणि साल व खंड एकमेकांशी जुळतात की नाही ते लगेच कळतं.

कंसातलं साल एका बाबतीत अपुरं पडतं. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली आलं, पण १९३७ आणि १९४४च्या आवृत्त्यांत लेखकाने भर घातली आणि गांधींना दिलेलं उत्तर नंतरच्या आवृत्तीत आलं. त्या उत्तरातलं वाक्य उद्धृत करून पुढे [१९३६] लिहिणं चूक. समग्र वाङ्मयात कोणत्या आवृत्तीची संहिता घेतली आहे हे प्रस्तावनांच्या तारखांवरून समजतं. तेच साल कंसात जावं.

गांधींच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाबाबत आणखी एक काळजी. छापील संच १०० खंडांचा, संगणकीय आवृत्ती ९८ खंडांची, आणि दोन्हींतले खंड व पानं सर्वत्र जुळत नाहीत. तिथे कोणता संच पाहिला ते लिहाच, शिवाय पत्राची किंवा लेखाची मूळ तारीख दिवसासकट द्या. मजकूर कालक्रमाने लावलेला असल्यामुळे तारखेवरून तो दोन्ही संचांत सापडतो.