शेवटचा भाग बंद पडायला ३००० तास का लागत नाहीत?

प्रश्न: एकाच प्रकारचे तीन भाग एकदम सुरू केले. प्रत्येकाचं आयुष्य घातांकी वितरणाचं, सरासरी १००० तास. पहिला सरासरी ३३३ तासांनी बंद पडतो हे पटलं. मग शेवटचा ३००० ला का नाही? पुस्तकात १८३३ दिलंय, ते कुठून आलं?

उत्तर:

३००० ही तिघांच्या आयुष्यांची बेरीज आहे. एक संपला की दुसरा लावायचा, असं केलं असतं तर ती लागू झाली असती. तुमचे तिन्ही भाग मात्र एकाच वेळी चालू आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू. पहिला बंद पडण्याची वेळ t च्या पुढे जायची, तर तिघांनीही t पर्यंत टिकायला हवं. भाग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून संभाव्यतांचा गुणाकार होतो:

`P(min > t) = (e^(-t/1000))^3 = e^(-3t/1000)`

हेही घातांकी वितरणच, फक्त दर तिप्पट. म्हणून सरासरी ३३३.३ तास.

आता खरी गंमत. पहिला गेला त्या क्षणी उरलेले दोघे जुने झालेले असतात, पण घातांकी वितरणाला स्मरणशक्ती नसते. त्यांचं पुढचं आयुष्य नव्या भागासारखंच वितरित असतं. म्हणजे दोन नव्या भागांचा खेळ पुन्हा सुरू, आणि त्यातला पहिला जायला सरासरी १०००/२ = ५०० तास. मग उरलेल्या एकट्याला आणखी १०००.

३३३.३ + ५०० + १००० = १८३३.३.

पडताळा हवा असेल तर बंद पडण्याच्या तीन वेळांच्या सरासरी मांडा: ३३३.३, ८३३.३, १८३३.३. बेरीज बरोबर ३००० येते, आणि यायलाच हवी, कारण तीच तीन आयुष्यं आपण फक्त क्रमाने लावली आहेत. तुमचे ३००० असे सापडले!

शेवटच्या वेळेचं वितरण मात्र घातांकी नसतं, आणि इथे बरेच जण फसतात. सगळे t च्या आत जायला हवेत, म्हणून

`P(max <= t) = (1 - e^(-t/1000))^3`

t = १००० घातलं तर ०.६३२ चा घन, म्हणजे सुमारे ०.२५. त्याच क्षणी तिघेही चालू असण्याची संभाव्यता e^(-3), जेमतेम ०.०५.

भाग वाढवले तर शेवटची वेळ फार हळू सरकते. सहा भागांना २४५०, शंभरांना सुमारे ५१८७ तास.

१८३३ ची बेरीज या विसरभोळेपणावरच उभी आहे. आयुष्य ० ते २००० तासांत एकसमान असतं, तर सरासरी १००० च राहिली असती, पण पहिला सरासरी ५०० ला आणि शेवटचा १५०० ला गेला असता: n नमुन्यांत कमाल सरासरी पल्ल्याच्या n/(n+1) अंशावर, किमान 1/(n+1) वर. तिथे उरलेले दोघे नव्यासारखे नसतात, त्यांच्याकडे २००० पर्यंतचाच वेळ शिल्लक असतो. वयाने झिजणाऱ्या बेअरिंगला म्हणूनच १८३३ चा हिशेब लावू नका.