मुद्गलाने परत पाठवलेलं विमान

प्रश्न: ख्रिश्चन आणि मुस्लिम लोक मेल्यावर स्वर्गात जातात म्हणतात, आपल्यात मोक्ष मिळतो म्हणतात. नाव वेगळं, गोष्ट एकच ना?

एक नाही. घोळ ‘स्वर्ग’ या शब्दामुळे होतो. स्वर्ग आपल्याकडेही आहे, पण तो मोक्षाच्या बराच अलीकडचा.

माझे वडील गेले तेव्हा सांगलीतल्या पेपरात द्यायच्या मजकुरात मी त्यांच्या नावाआधी ‘स्व.’ लिहिलं होतं. काका माळकरी. त्यांनी ते खोडून ‘वै.’ केलं, वैकुंठवासी. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मी त्यांना विचारलं, स्वर्गवासी म्हटलं तर काय बिघडतं? तेव्हा त्यांनी महाभारताच्या वनपर्वातली मुद्गलाची गोष्ट सांगितली.

मुद्गल कुरुक्षेत्रात राहायचा. पीक निघाल्यावर शेतात पडलेले दाणे, म्हणजे आपण ज्याला सरवा म्हणतो तो, वेचून जगायचा आणि अमावस्या-पौर्णिमेला त्यातूनच अतिथींना जेवू घालायचा. दुर्वास ओळीने सहा वेळा आले आणि सगळं अन्न संपवून गेले. मुद्गलाला राग आला नाही. मग स्वर्गातून विमान आलं. पण त्यात बसायच्या आधी त्याने देवदूताला विचारलं, तुमच्या स्वर्गात चांगलं काय आणि वाईट काय?

देवदूताने काही लपवलं नाही. तिथे भूक नाही, तहान नाही, म्हातारपण नाही. पण नवीन कर्मही करता येत नाही. इथे कमावलेलं पुण्य तिथे नुसतं खर्च होतं, म्हणजे भांडवल खाऊन जगायचं. दुसऱ्याचं वैभव आपल्यापेक्षा जास्त दिसलं की मनाला टोचतं. आणि गळ्यातली माळ कोमेजू लागली की समजायचं, खाली पडायची वेळ आली. मुद्गलाने देवदूताला नमस्कार केला, विमान रिकामंच परत पाठवलं आणि पुन्हा सरवा वेचायला लागला. पुढे स्तुती आणि निंदा, माती आणि सोनं त्याला सारखंच झालं, आणि ध्यानाने तो मुक्त झाला.

गीतेच्या नवव्या अध्यायातही हेच आहे: ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. पुण्य मोजकं, म्हणून त्याचं फळही मोजकंच. मोक्ष बक्षीस का होऊ शकत नाही, याचं कारण इथे आहे. कर्माने जे तयार होतं ते कधीतरी संपतं. घडवलेलं मडकं फुटतंच. म्हणून शंकराचार्य म्हणतात की मोक्ष तयार होत नाही. आपण मुळात जे आहोत ते अज्ञानामुळे कळत नाही, ते अज्ञान गेलं की झालं. मग पुन्हा जन्माला यायला काही कारणच उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. ख्रिस्ती किंवा इस्लामी स्वर्ग हा मुद्गलाने नाकारलेला स्वर्ग नव्हे, आणि त्याला मुद्गलाच्या स्वर्गाच्या मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे माळ कोमेजत नाही. जन्म एकदाच, मरण एकदाच, मग न्याय, आणि नंतरचं जीवन कायमचं. त्या स्वर्गाला ‘बक्षीस’ म्हणणंही अर्धंच खरं. मिरजेतला माझा ख्रिस्ती मित्र ठामपणे सांगतो की आम्ही स्वर्ग कमावत नाही, तो देवाच्या कृपेने मिळतो. इस्लाममध्येही जन्नतच्या बागा आणि नद्यांपेक्षा अल्लाहची प्रसन्नता मोठी मानली आहे. त्यांच्या दृष्टीने माणसाची अडचण पाप आणि देवापासूनचा दुरावा ही आहे. जन्ममरणाचा फेराच नाही, तर त्यातून सुटायचा प्रश्न कुठून येणार?

जवळचं काही शोधायचंच तर ते वैष्णवांकडे सापडतं. रामानुज आणि मध्व यांच्या मते मोक्षातही जीव वेगळाच राहतो आणि देवाच्या सहवासात कायम आनंदात असतो. हे माझ्या मिरजेच्या मित्राला चटकन समजतं, शंकराचार्यांचं अद्वैत मात्र त्याला पटत नाही.

उलट आमच्या गल्लीतल्या जैन आजींना मुद्गल लगेच कळला. जैन धर्म जगाचा निर्माता देव मानत नाही, तरी देवगती मानतो, आणि तिचं आयुष्य कितीही लांब असलं तरी ते संपतंच. आजी म्हणाल्या, “स्वर्गातल्या देवालाबी मोक्षाला जायचं तर आधी माणसाच्या जन्माला यावं लागतंय.”

काकांना मी शेवटी विचारलं, मग वडिलांसाठी मोक्षच मागायचा ना? ते म्हणाले, “तुकोबांनी तोही मागितला नाही रे. ‘न लगे मुक्ती धन संपदा, संतसंग देई सदा’ म्हणाले, आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासाला घातलंस तरी चालेल म्हणाले.” पेपरात ‘वै.’ असंच छापून आलं.