चार गुणांच्या उत्तरात किती लिहावे?

पत्र : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. जीवशास्त्राच्या सराव परीक्षेत 'डबल फर्टिलायझेशन सविस्तर स्पष्ट करा' या चार गुणांच्या प्रश्नावर तिने तीन पाने लिहिली. गुण अडीच मिळाले आणि पेपर अपुरा राहिला. सविस्तर म्हणजे नेमके किती?
– एक पालक

उत्तर : बोर्डाचा हा पेपर सत्तर गुणांचा आणि तीन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाच्या वाट्याला जेमतेम अडीच मिनिटे येतात आणि चार गुणांचे उत्तर नऊ-दहा मिनिटांत संपावे लागते. 'ड' विभागात असे तीन प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येकाला वीस मिनिटे दिली, तर बारा गुणांपायी एक तास जातो आणि उरलेल्या अठ्ठावन्न गुणांना दोनच तास राहतात. तिचा पेपर अपुरा राहण्याचे कारण बहुधा येथेच असावे.

गुणांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अशा वेळी मुले बहुधा परागकणाची निर्मिती, परागीभवनाचे प्रकार असे ठाऊक असलेले सारे लिहितात. ते अचूक असले, तरी विचारलेले नसल्यामुळे त्याला गुण मिळत नाहीत. सविस्तर म्हणजे विचारलेल्या क्रियेचा एकही टप्पा न गाळणे.

हाच प्रश्न एका गुणाला आला, तर एक नर युग्मक अंडपेशीशी आणि दुसरे द्वितीयक केंद्रकाशी संयोग पावते, एवढे एक वाक्य पुरते. दोन गुणांना त्या दोन्ही संयोगांची फलिते लिहावी लागतात : पहिल्यातून द्विगुणित युग्मनज तयार होतो, दुसऱ्यातून त्रिगुणित प्राथमिक भ्रूणपोष केंद्रक. चार गुणांना परागनलिका भ्रूणकोशात शिरून दोन्ही नर युग्मके कशी सोडते, हे आधी यावे, मग दोन्ही संयोग फलितांसह, नावे दिलेली भ्रूणकोशाची आकृती, आणि शेवटी महत्त्व : फलन झाल्यावरच भ्रूणपोष तयार होतो, त्यामुळे वाढत्या भ्रूणाला अन्न मिळते आणि फलन न झालेल्या बीजांडावर ते वाया जात नाही. आकृतीसह हे सारे सव्वा पानात बसते. आकृतीला नावे द्यायची राहिली, तर तिचे गुण कापले जातात. तीन पाने लिहिणाऱ्या मुलांकडून घाईत नेमके हेच घडते.

आता तिची जुनी उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्यासमोर तिलाच पेन्सिलने खूण करू द्या : हे वाक्य कोणत्या गुणासाठी आहे? ज्याला उत्तर सापडत नाही, ते वाक्य पुढच्या वेळी लिहायचे नाही. उलट एखादा टप्पा एकाही वाक्यात आलेला नसेल, तर गेलेला दीड गुण बहुधा तेथेच सापडेल. प्रश्नात 'आणि त्याचे महत्त्व लिहा' असा दुसरा भाग जोडलेला असेल, तर चार गुण दोन भागांत वाटले जातात, तेव्हा पहिल्या भागाचे वर्णन तेवढे आखडते घ्यावे.