ओ-रिंग बदलूनही फिरत्या स्पाउटच्या बुडाशी पाणी का येतं?

प्रश्न: सिंकचा नळ चालू केला की फिरणाऱ्या स्पाउटच्या बुडाशी पाणी येतं, बंद केला की थांबतं. जुनी ओ-रिंग काढून त्याच मापाची नवी बसवली, पण थोड्याच दिवसांत परत तेच. आता अख्खा नळच बदलावा लागेल का?

उत्तर: बहुधा नाही. गोम "त्याच मापाची" या शब्दांत आहे. काढलेली जुनी रिंग हे माप घ्यायचं साधनच नाही. वर्षानुवर्षं दाबून राहिल्यामुळे ती चपटी झालेली असते, आणि कधी फुगून किंवा ताणून मोठीही झालेली असते. तिच्यावरून आणलेली नवी रिंग खाचेत छान बसते, पण पाणी अडवायला ती जेवढी दाबली जायला हवी तेवढी दाबली जात नाही.

नळ बंद केल्यावर गळती थांबते, ही चांगली खूण आहे. नळ उघड-बंद करणारं कार्ट्रिज किंवा वॉशर ओलांडून पाणी पुढे आल्यावरच स्पाउटच्या रिंगांपर्यंत पोहोचतं, त्यामुळे नळ बंद असताना त्यांच्यावर दाब नसतो. नळ बंद असूनही स्पाउटच्या तोंडातून थेंब पडत असते, तर दोष कार्ट्रिजचा निघाला असता आणि ओ-रिंगचा काही संबंध नसता.

काहीही खोलण्याआधी एक सोपी चाचणी करा. स्पाउटच्या तोंडावरची जाळी फिरवून काढा आणि नळ पूर्ण सोडा. बुडाची गळती एकदम कमी झाली, तर जाळी क्षारांनी तुंबलेली आहे. पुढे वाट नाही म्हणून पाण्याचा दाब मागे रिंगांवर येतो, आणि थोडी झिजलेली रिंगही मग हार मानते. अशा वेळी रिंग बदलायचीच, पण जाळी साफ केली नाही तर नव्या रिंगचंही तेच होईल.

आता आत काय असतं ते. बहुतेक मिक्सरमध्ये स्पाउटची कॉलर नळाच्या उभ्या पितळी बॉडीवर सरकवलेली असते. बॉडीला मध्ये पाण्याचं भोक असतं, आणि त्याच्या वर एक व खाली एक अशा दोन खाचांत दोन ओ-रिंगा बसतात. पाणी कॉलरच्या खालून येत असेल तर खालची रिंग गेलेली आहे, चावीखालच्या सांध्यातून येत असेल तर वरची. बदलायच्या मात्र दोन्ही, कारण दोघींचं वय एकच असतं.

खोलण्याआधी सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका आणि सिंकच्या भोकावर फडकं ठेवा. बारीक स्क्रू तिथूनच बेपत्ता होतात. मग स्पाउट कशाने धरलाय ते शोधा. कॉलरच्या मागे बारीक ग्रब स्क्रू असेल तर ॲलन कीने तो सैल करून स्पाउट वर ओढता येतो. एका चावीच्या मिक्सरमध्ये बहुधा आधी चावी, मग वरची टोपी, मग कार्ट्रिज धरणारा नट काढावा लागतो. क्षारांनी चिकटलेला स्पाउट सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. वर-खाली प्लॅस्टिकच्या पातळ रिंगा निघाल्या तर त्यांचा क्रम लक्षात ठेवा, हवा तर फोटो काढा. त्या स्पाउट डुगडुगू देत नाहीत. त्या झिजल्या असतील तर सगळा भार ओ-रिंगच्या एकाच बाजूवर येतो, म्हणून त्याही बदला.

जुनी रिंग लाकडी काडीने उचला किंवा कात्रीने कापून काढा. स्क्रूड्रायव्हरने खाचेत ओरखडा पडला, तर पाण्याला तिथून कायमची वाट मिळते. खाचेतला आणि कॉलरच्या आतला पांढरा थर व्हिनेगर लावून मऊ करा, पुसून काढा आणि साध्या पाण्याने धुवा. पॉलिश पेपर वापरू नका.

आता खरं माप, व्हर्नियर कॅलिपरने. दोनच आकडे हवेत: खाचेच्या तळाशी बॉडीचा व्यास आणि कॉलरच्या आतला व्यास. समजा खाचेचा तळ १८ मिमी आणि कॉलर आतून २२ मिमी निघाली. फरक ४ मिमी, म्हणजे एका बाजूला रबरासाठी जागा २ मिमी. २ मिमी जाडीची रिंग इथे फक्त टेकेल, दाबली जाणार नाही. ग्रीसच्या जोरावर काही दिवस कोरडं राहील आणि मग गळेल. जुनी चपटी रिंग मोजली तर जाडी नेमकी या २ मिमीच्या आसपासच निघते, आणि तुमच्याकडे हेच झालं असावं असं मला वाटतं. फिरणाऱ्या सांध्यात रिंग साधारण १० ते २० टक्के दाबली गेली पाहिजे. इथे २.४ मिमी जाडीची रिंग योग्य: २.४ ची २ झाली, म्हणजे सुमारे १७ टक्के. ३ मिमीची घेतलीत तर एक तृतीयांश दाबावी लागेल, स्पाउट जड फिरेल आणि बसवतानाच रिंग कापली जाईल. आतला व्यास खाचेपेक्षा किंचित लहान घ्यायचा, म्हणजे रिंग खाचेला घट्ट धरून राहते. १८ मिमीच्या खाचेला १७.६ मिमी आतल्या व्यासाची, २.४ मिमी जाडीची रिंग चालते. तुमच्या नळाचे आकडे वेगळे असतील, हिशेब हाच.

गरम पाण्याच्या मिक्सरसाठी रबर ईपीडीएम मागा. पण त्याला व्हॅसलीन किंवा यंत्राचं ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटभर घेऊन रिंगला आणि कॉलरच्या आत पातळ लावा. कोरडी रिंग फिरताना घासते, पिळली जाते आणि लवकर मरते. टेफ्लॉन टेप गुंडाळायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तो आट्यांसाठी असतो, इथे फिरताच त्याचा चोथा होऊन जाळीत अडकतो.

रिंग खाचेत बसवल्यावर तिला पीळ पडलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. कॉलर सरळ खाली दाबा, हलके फिरवत. तिची खालची कड धारदार असेल तर रिंग तिथेच चिरली जाते, म्हणून हाताला अडखळल्यासारखं वाटलं तर जोर न लावता वर घेऊन परत पाहा.

सगळं जोडल्यावर जाळी न लावता एकदा पाणी सोडा, म्हणजे सुटलेला क्षार निघून जाईल. मग साफ केलेली जाळी लावा, नळ पूर्ण सोडा, बुडाशी कोरडा टिश्यू पेपर धरा आणि स्पाउट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मोजून आणलेली रिंग बसवूनही कागद ओला झाला, तर कॉलरच्या आत नखाने चाचपा. नखाला अडकेल असा उभा ओरखडा किंवा गंजाचे खड्डे लागले तर कुठलीच रिंग टिकणार नाही. त्या मॉडेलचा सुटा स्पाउट मिळाला तर तोच बदला, नाहीतर मग नळ.